मुलाखतीचे बोलावणे आले, होकार कसा कळवाल?

मुलाखतीचे पत्र पूर्वी पोस्टमन आणून देई. त्यात पदाचे नाव, तारीख, वेळ, कार्यालयाचा पत्ता आणि शेवटी एक ठरलेली ओळ असे, की उमेदवाराने मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने हजर राहावे. घरातला शिकलेला माणूस ते पत्र मोठ्याने वाचून दाखवी आणि दुसऱ्या दिवसापासून फाईल, इस्त्रीचा शर्ट आणि एस.टी.चे भाडे यांची जमवाजमव सुरू होई. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुष्कळ कार्यालयांनी मुलाखती व्हिडिओवर घ्यायला सुरुवात केली आणि कंत्राटी व प्रकल्पांवरच्या पदांसाठी ती पद्धत टिकून राहिली आहे. एस.टी.चे भाडे वाचले हे खरे, पण पत्र आता मोबाईलवर चार ओळींचे येते आणि त्या चार ओळींत निम्म्या गोष्टी लिहिलेल्याच नसतात. त्या विचारून घ्याव्या लागतात. आपल्या समाजातील बरीच मुले-मुली येथेच अडखळतात. विचारले तर साहेबांना राग येईल, आपले नाव कटेल, अशी एक भीती मनात असते. त्यामुळे ती "ओके सर" एवढेच लिहून मोकळी होतात, किंवा काहीच लिहीत नाहीत.

आम्ही स्वतः कारकुनी करतो, म्हणून टेबलाच्या पलीकडे काय चालते ते सांगतो. मुलाखतीच्या आठवड्यात एका कारकुनापुढे एक तक्ता असतो. डाव्या बाजूला उमेदवारांची नावे, मग वेळ, मग "होकार आला / नाही" असा रकाना आणि शेवटी शेरा. साहेब विचारतात, किती जण येणार? ज्यांचा होकार नाही त्यांची वेळ प्रतीक्षा यादीतल्या माणसाला द्यायची की नाही, हे त्या रकान्यावरून ठरते. "ओके सर" असा निरोप आला तर तो कोणाचा, कोणत्या पदासाठी, हे त्या कारकुनाला शोधत बसावे लागते. नीट लिहिलेला होकार मात्र तो जसाच्या तसा तक्त्यात उतरवतो. आणि नेमके प्रश्न विचारणारा उमेदवार त्याला त्रासदायक वाटत नाही. त्या उत्तरांचाच एक मजकूर करून तो पुष्कळदा सगळ्यांनाच पाठवून देतो, कारण आणखी दहा जणांचे फोन त्यामुळे वाचतात.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. आमच्या वस्तीतील एक बी.कॉम. झालेली ताई, वय ३२, दोन मुलांची आई, एका दुकानात हिशेब लिहिते. तिने केंद्राच्या अखत्यारीतील एका संशोधन संस्थेत लेखा सहायक या कंत्राटी पदासाठी अर्ज केला होता. वयोमर्यादा ३० वर्षे. अनुसूचित जातीसाठी ५ वर्षे सवलत. म्हणजे सवलत मान्य झाली तरच ती पात्र, नाहीतर मुलाखत कितीही चांगली होवो, अर्ज बाद. गुरुवार, २० मार्च २०२५ रोजी संध्याकाळी तिला ई-मेल आला. सोमवारी २४ तारखेला सकाळी ११.३० वाजता व्हिडिओ मुलाखत आहे, शुक्रवारी ५ वाजेपर्यंत होकार कळवा, मूळ कागदपत्रे जवळ ठेवा, लिंक नंतर पाठवू. एवढेच. शनिवार-रविवार त्या कार्यालयाला सुट्टी, म्हणजे काही विचारायचे तर हातात शुक्रवारचा एकच दिवस.

होकार देण्याआधी पत्र खरे आहे का, हे पाहिले पाहिजे. नोकरीच्या नावाने फसवणारे लोकही असाच मजकूर पाठवतात. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ या खुणेनंतर संस्थेचेच नाव आहे का, जाहिरातीतला पदाचा क्रमांक आणि पत्रातला क्रमांक जुळतो का, आणि आपण तेथे खरोखर अर्ज केला होता का, या तीन गोष्टी जुळल्या की पुढे जावे. मुलाखतीसाठी नोंदणी फी, गणवेशाची अनामत किंवा ओ.टी.पी. मागितला तर तेथेच थांबावे. जाहिरातीत अर्जाची फी असू शकते, पण मुलाखतीला बसण्यासाठी पैसे मागणारे बोलावणे खरे नसते. ताईच्या पत्रात तसे काही नव्हते.

त्या रात्री मुलांची जेवणे उरकल्यावर आम्ही मिळून उत्तराचा मसुदा केला. मसुदा मराठीत केला आणि मग तिनेच त्याचे इंग्रजी केले, कारण बोलावणे इंग्रजीत होते आणि ज्या भाषेत पत्र येते त्याच भाषेत उत्तर द्यावे. वाक्ये लहान ठेवली, म्हणून भाषांतराला अडचण आली नाही. नवा ई-मेल न लिहिता आलेल्या पत्रालाच उत्तर दिले. असे केल्याने मूळ विषय आणि मागचा मजकूर खाली राहतो, कारकुनाला शोधावे लागत नाही. मसुदा असा :

"महोदय / महोदया,
लेखा सहायक पदाच्या मुलाखतीचे आपले दि. २० मार्चचे पत्र मिळाले. माझा अर्ज क्रमांक २७. सोमवार, दि. २४ मार्च २०२५ रोजी सकाळी ११.३० वाजता मी व्हिडिओ मुलाखतीस उपस्थित राहीन.
तयारीसाठी पुढील माहिती मिळाल्यास आभारी होईन.
१. मुलाखत समितीसमोर प्रत्यक्ष बोलून होईल की उत्तरे ध्वनिचित्रमुद्रित करून पाठवायची आहेत? काही लेखी किंवा संगणकावरील चाचणी आहे का? त्यासाठी लॅपटॉप आवश्यक आहे का?
२. मुलाखतीस साधारण किती वेळ लागेल आणि किती वेळ आधी जोडून राहावे?
३. कागदपत्रे आधी ई-मेलने पाठवायची, कॅमेऱ्यासमोर दाखवायची, की निवडीनंतर प्रत्यक्ष आणायची? माझी पदवी व जातीचा दाखला माहेरच्या नावाने असून आधार कार्ड विवाहानंतरच्या नावाने आहे. विवाह नोंदणीचा दाखला जोडल्यास चालेल का? जातीचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यातच हवा का?
४. लिंक उघडण्यास अडचण आल्यास कोणत्या दूरध्वनीवर संपर्क साधावा?
माझा मोबाईल क्रमांक खाली दिला आहे."

खाली पूर्ण नाव, कंसात माहेरचे नाव, मोबाईल. बस्स. पगार किती, सुट्ट्या किती, निकाल कधी, हे यात विचारायचे नाही. ते प्रश्न वाईट नाहीत, पण त्यांची जागा मुलाखतीच्या शेवटी आहे. होकार पहिल्याच वाक्यांत का, तर वाचणारा माणूस घाईत असतो आणि त्याला तेवढेच हवे असते. दिवस, तारीख आणि वेळ आपण परत लिहायची, कारण त्यांच्या पत्रात सोमवार आणि २५ तारीख अशी गफलत असली तर ती येथेच उघडी पडते. ताईच्या सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं विचारल्यावर ते म्हणतील, बाई लई शहाणी दिसते." आम्ही म्हटले, आक्का, हिशेबाच्या कामाला शहाणीच बाई लागते.

पहिला प्रश्न मुलाखत कशी होणार याचा. व्हिडिओ मुलाखतीचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची तयारी अगदी वेगळी आहे. एकात समोर माणसे असतात, ती विचारतात, आपण उत्तर देतो. दुसऱ्यात समोर कोणीच नसते. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला थोडे सेकंद मिळतात, मग मुद्रण सुरू होते आणि एक-दोन मिनिटांत उत्तर संपवावे लागते. खाजगी कंपन्या पहिल्या चाळणीसाठी हा दुसरा प्रकार बराच वापरतात. त्यात "सर, प्रश्न पुन्हा सांगाल का" असे विचारायची सोय नसते आणि पुष्कळ ठिकाणी उत्तर पुन्हा मुद्रित करता येत नाही. ज्याला हे आधी माहीत नसते तो मुलगा कोणीतरी बोलेल म्हणून वाट पाहत बसतो आणि घड्याळ पळत राहते. माहीत असेल तर घरी मोबाईलसमोर घड्याळ लावून दोन मिनिटांत उत्तर संपवण्याचा सराव करता येतो.

ताईला शुक्रवारी दुपारी उत्तर आले. मुलाखत समोरासमोर, समितीत तीन जण, आणि शेवटची काही मिनिटे एक्सेलच्या तक्त्यावर काम करून दाखवायचे, स्वतःचा पडदा समितीला दिसेल असे ठेवून. म्हणजे मोबाईल उपयोगाचा नाही. तिच्या घरात मोबाईलच होता, तोही नवऱ्याचा आणि तिचा मिळून एक. तिने विचारले नसते तर ती सोमवारी मोबाईल उशीला टेकवून बसली असती आणि तक्त्याची पाळी आल्यावर हात जोडले असते. आता दोन दिवस हातात होते. विहाराच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले वापरतात तो लॅपटॉप सोमवारी सकाळपुरता मागून घेतला. शनिवारी आणि रविवारी तिने त्यावर एकच गोष्ट घटवली : पडदा दाखवायचा, तक्ता उघडायचा, बेरजेचे सूत्र घालायचे, पडदा बंद करायचा. पडदा दाखवताना आपला सगळा पडदा न दाखवता फक्त तक्त्याची खिडकी निवडावी. नाहीतर कोणाचा तरी "जेवलीस का" हा निरोप समितीपुढे झळकतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. उत्तरात वीस मिनिटे लिहिली होती आणि पंधरा मिनिटे आधी जोडून राहावे असे सांगितले होते. पण कार्यालयाच्या वीस मिनिटांवर कोणी घड्याळ लावू नये. आधीचा उमेदवार लांबला की पुढचे सगळे लांबतात आणि आपण पडद्यावरच्या प्रतीक्षा कक्षात बसून राहतो. आमच्या मते सांगितलेल्या वेळेनंतर दीड तास मोकळा हवा. ताईने दुकानातून अर्धा दिवस रजा घेतली, तासाभराची नाही. धाकट्या मुलाला बालवाडीतून आणायचे काम सासूबाईंकडे दिले.

वेळेशी आणखी एक गोष्ट बांधलेली आहे, ती म्हणजे डेटा. चित्रासह बोलणे चालू असताना तासाला साधारण पाऊण ते दीड जी.बी. डेटा जातो. ज्यांच्या मोबाईलवर रोजचा दीड जी.बी. मिळतो त्यांनी त्या दिवशी सकाळपासून व्हिडिओ पाहणे बंद ठेवावे. मुलाखतीच्या मध्यावर वेग मंदावतो, चेहरा थिजतो आणि समितीला वाटते उमेदवाराला उत्तर येत नाही. काही लहान संस्था झूमची फुकट सोय वापरतात. त्यात बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद पडते. तसे झाले तर घाबरू नये, आपल्याला कोणी हाकललेले नाही. त्याच लिंकवरून पुन्हा आत जाऊन पाहावे आणि संस्थेच्या निरोपाकडे लक्ष ठेवावे.

तिसरा प्रश्न कागदपत्रांचा. आमच्या लोकांची नोकरी जाते ती बहुधा येथे, म्हणून यावर जरा थांबतो. "मूळ कागदपत्रे जवळ ठेवा" या ओळीचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, मुलाखतीआधी त्यांच्या प्रती ई-मेलने हव्या आहेत. दोन, मुलाखतीत एखादा दाखला कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतील. तीन, निवड झाल्यावर मूळ प्रती घेऊन कार्यालयात यायचे आहे. यातला कोणता अर्थ लागू आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. ताईला सांगण्यात आले की प्रती रविवार रात्रीपर्यंत एकाच पी.डी.एफ.मध्ये पाठवाव्यात, मूळ प्रती मुलाखतीवेळी हाताशी ठेवाव्यात, आणि त्यांची तपासणी निवडीनंतर होईल.

तिने क्रम असा लावला : दहावीचे प्रमाणपत्र, कारण जन्मतारीख त्यावरून धरतात, मग पदवी, अनुभवाचा दाखला, जातीचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि शेवटी आधार. आधारची पूर्ण प्रत पाठवू नये. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेली प्रत उतरवून घेता येते. ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी ती पुरते. फाईलला "स्कॅन १" असे नाव देऊ नये. Application27_Documents.pdf असे काहीतरी दिले की कारकुनाला ती उघडल्याशिवायही कोणाची ते कळते. फोटो काढताना कागदाच्या चारही कडा आणि शिक्का दिसला पाहिजे. शिक्का अर्धा कापला गेला तर तपासणारा शेरा मारतो आणि तेथेच गाडी अडते.

नावातील फरक हा आपल्या भगिनींचा कायमचा प्रश्न. पदवीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. हा फरक जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. विहारात भंतेजींच्या किंवा बौद्धाचार्यांच्या उपस्थितीत लग्न झाले की संस्था एक प्रमाणपत्र देते, आणि पुष्कळ घरांत तेच भिंतीवर लावून ठेवलेले असते. परंतु कार्यालये मागतात तो विवाह निबंधकाकडचा दाखला. विहाराच्या प्रमाणपत्राचा उपयोग ती नोंदणी करताना पुरावा म्हणून होतो. ज्यांनी अजून नोंदणी केली नसेल त्यांनी मुलाखतीच्या पत्राची वाट पाहू नये. वडिलांनी आडनाव बदलून घेतले असेल तर शासकीय राजपत्राची प्रत लागते, हेही ध्यानात ठेवावे.

जातीच्या दाखल्याबाबत दोन गैरसमज आहेत. पहिला असा, की लग्नानंतर दाखला सासरच्या नावाने नव्याने काढावा लागतो. जात जन्माने, वडिलांकडून धरली जाते. म्हणून माहेरच्या नावाचा दाखलाच खरा, आणि त्याला विवाहाचा दाखला जोडला की काम होते. दुसरा गैरसमज असा, की राज्याचा दाखला सगळीकडे चालतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतींचा मार्ग मोकळा झाला. पण केंद्राच्या कार्यालयांचा दाखल्याचा नमुना वेगळा आहे. त्यात मूळ जातीचे नाव आणि ती कोणत्या आदेशाखाली अनुसूचित आहे याचा उल्लेख असतो. आपल्याकडे राज्याच्या नमुन्यातला, बौद्ध धर्मांतरितांसाठी दिला जाणारा दाखला असतो. तो पाहून केंद्राच्या कार्यालयातला तपासनीस कधी कधी थांबतो. त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही, त्याच्या समोरच्या नमुन्याशी तो जुळत नाही एवढेच. पण नुकसान आपले होते. ताईच्या प्रश्नाला उत्तर आले : "केंद्राच्या नमुन्यातच हवा, नसल्यास मुलाखतीस बसू देऊ, परंतु मूळ तपासणीच्या दिवशी सादर करावा." या एका वाक्याने तिला मुदत मिळाली, आणि तीही लेखी. सोमवारी मुलाखत आटोपल्यावर दुपारी ती तशीच सेतू केंद्रात गेली आणि जुन्या दाखल्याच्या आधारे केंद्राच्या नमुन्यासाठी अर्ज दिला.

शुक्रवारी उत्तर आलेच नसते तर? मग साडेतीनच्या सुमारास जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन करायचा. "मी अर्ज क्रमांक २७, होकार सकाळी पाठवला आहे, तो मिळाला का, आणि लॅपटॉप लागेल का एवढे सांगाल का?" असे दोन वाक्यांत बोलायचे. फोन घेणाऱ्याचे नाव आणि वेळ वहीत लिहून ठेवायची. फोनवर मिळालेले उत्तर दोन ओळींच्या ई-मेलने परत कळवले की तेही कागदावर येते.

रविवारी रात्री ताईच्या दिराने एक प्रश्न काढला. ज्या भिंतीपुढे बसायचे तिच्यावर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. समितीत कोण असेल काय माहीत, ती काढून ठेवायची का? घरात थोडी वादावादी झाली. तशी शंका कोणाच्या मनात का येते हे आम्हाला सांगायला नको, आणि ती फोल आहे असेही आम्ही म्हणणार नाही. आम्ही एवढेच सांगितले की बसायची जागा उजेडावरून ठरवा. चेहऱ्यावर समोरून उजेड पडला पाहिजे. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. खोलीतली खिडकी तसबिरीच्या बरोबर समोर होती. म्हणून ताई तेथेच बसली आणि तसबीर जागेवर राहिली.

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने लिंक उघडली, तर "आयोजकाने बैठक सुरू केलेली नाही" असे दिसत राहिले. सव्वाअकरा झाले, वीस झाले. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात मिळालेल्या क्रमांकावर तिने फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी सांगितले, लिंक बदलली आहे, नवी काही जणांना गेलेली नाही, थांबा, पाठवतो. दोन मिनिटांत ती आली. आत गेल्यावर तिला आणखी पस्तीस मिनिटे थांबावे लागले. मुलाखत तेवीस मिनिटे चालली. एक्सेलमध्ये बारा महिन्यांच्या खर्चाची बेरीज आणि शिल्लक काढायला दिली होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मूळ कागदपत्रांच्या तपासणीचे पत्र आले. केंद्राच्या नमुन्यातील दाखला त्याआधी चार दिवस तिच्या हाती पडला होता. तिने त्याच पत्राला उत्तर देऊन होकार कळवला, आणि साक्षांकित प्रतींचे किती संच आणायचे हे विचारले. या वेळी मसुदा दाखवायला ती आमच्याकडे आली नाही.